COUNTIF ला "?" मोजायला सांगितलं, त्याने जवळजवळ अख्खी सोसायटी मोजली

सिंहगडरोडची_सचिव

मंडळी, मदत हवी आहे. शक्यतो रविवारच्या आत.

आमची सोसायटी ८४ फ्लॅटची. पुनर्विकासाला जायचं की नाही याची सर्वसाधारण सभेआधी एक कच्ची चाचपणी चालू आहे. मी एक्सेलमध्ये यादी केली आहे. बी कॉलममध्ये फ्लॅट नंबर आणि सी कॉलममध्ये उत्तर, C2 ते C85. उत्तरं लिहायची पद्धत मीच ठरवली (आणि आता मीच भोगते आहे): होकार असेल तर Y, नकार असेल तर N, अजून ठरलं नसेल तर ?. ज्यांनी फोनवर सांगितलं पण सही अजून यायची आहे, त्यांच्या उत्तरापुढे * लावला आहे. म्हणजे Y*, N* आणि दोन महाभाग असे, की फोनवरही "बघू" म्हणाले, त्यांचं ?*. दोन फ्लॅटवाल्यांशी संपर्कच होत नाही, ते सेल रिकामे.

न ठरलेले किती हे काढायला मी असं लिहिलं:

```
=COUNTIF(C2:C85,"?")
```

उत्तर आलं ६८! मी छापील यादीवर पेन्सिलने टिंबं देत मोजले, ते नुसते ? असलेले १२ आहेत. "*" टाकून पाहिलं तर ८२. एक्सेल बिघडलंय का? अध्यक्षांनी विचारलं, "एवढे लोक अजून ठरवत बसलेत?" आणि मला उत्तर देता येईना.

---

मुंढवा_एक्सप्रेस

ताई, हा युनिकोडचा घोळ आहे. मला रोज होतो. फाइल सीएसव्हीत सेव्ह केली असणार तुम्ही. मराठी अक्षरं होती, त्यांची प्रश्नचिन्हं झाली, म्हणून ६८ दिसतात. सेव्ह करताना यादीतून `CSV UTF-8` निवडा, साधं `CSV (Comma delimited)` नको. पण आधीच ???? झालेलं परत येत नाही, मूळ फाइल शोधावी लागेल.

---

सिंहगडरोडची_सचिव

नाही हो, माझ्या यादीत मराठी अक्षरच नाही, Y आणि N आहेत, आणि ते दिसतातही नीट. फक्त मोजणी चुकते आहे.

---

चौकटची_राणी

एक्सेल बिघडलेलं नाही. तुम्ही विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं, फक्त तुम्हाला ते विचारायचं नव्हतं.

रमी खेळता का? COUNTIF च्या अटीत ? हा जोकर आहे. कुठल्याही एका अक्षराच्या जागी तो लागतो. "?" म्हणजे "ज्या सेलमध्ये बरोब्बर एक अक्षर आहे असे सगळे". Y हे एक अक्षर, N हे एक अक्षर, आणि प्रश्नचिन्ह हेही एक अक्षर. म्हणून त्याने तिन्ही मोजले. * हा त्याहून मोठा जोकर, त्याच्या जागी कितीही अक्षरं चालतात, शून्यसुद्धा. म्हणून "*" ला ८२ आले: ८४ मधून तुमचे दोन रिकामे सेल वजा.

जोकरला साधा पत्ता करायचा असेल तर त्याच्या आधी टिल्ड लावायचा. कीबोर्डवर १ च्या डावीकडे, `Esc` च्या खाली जी नागमोडी रेघ असते ती, `Shift` दाबून. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी इंग्रजीवर या, नाहीतर त्या कळीवर भलतंच काहीतरी उमटतं.

```
=COUNTIF(C2:C85,"~?")
```

पण थांबा. तुमच्या आकड्यात मला अजून एक गोष्ट खटकते आहे. Y आणि N किती आहेत, नुसते, तारा नसलेले?

---

पेन्शनर_कर्वेनगर

टिल्ड वगैरे लावायची काही गरज नाही. अटीत बरोबरचं चिन्ह लिहिलं की तंतोतंत जुळणी होते. ३१ वर्षं लेखा विभागात काढली आहेत, टिल्डला कधी हात लावला नाही.

```
=COUNTIF(C2:C85,"=?")
```

सोपं आणि वाचणाऱ्यालाही समजतं.

---

सिंहगडरोडची_सचिव

@चौकटची_राणी Y ४१, N १६. Y* ७, N* ४.

@पेन्शनर_कर्वेनगर काका, तुमचं करून पाहिलं. ६८ च आले. :(

---

चौकटची_राणी

काका, अटीच्या अवतरणातलं = आणि फॉर्म्युल्यातलं = ही दोन वेगळी माणसं आहेत. "=?" मध्ये बरोबरचं चिन्ह असूनही ? जोकरच राहतो. तुमचा अनुभव खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या जागेचा आहे. `=C2="?"` असं सेलमध्ये लिहिलं तर तिथे जोकर चालत नाहीत, फक्त खऱ्या प्रश्नचिन्हालाच `TRUE` येतं. तुम्ही बहुधा तसं वापरत आला आहात. तोच मार्ग मोजणीलाही लावता येतो:

```
=SUMPRODUCT(--(C2:C85="?"))
```

यात टिल्ड लागत नाही. उलट लावलात तर तो "~?" अशी दोन अक्षरं शोधत बसेल.

आता ताईंचा आकडा. Y ४१ आणि N १६ मिळून ५७. तुमच्या पेन्सिलीप्रमाणे प्रश्नचिन्हं १२. ५७ आणि १२ म्हणजे ६९. COUNTIF ने "?" ला ६८ दिले. एक कमी. म्हणजे ५७ बरोबर असतील तर एका प्रश्नचिन्हाच्या सेलमध्ये एकापेक्षा जास्त अक्षरं आहेत, पण डोळ्याला दिसत नाहीत. "~?" ला तुम्हाला ११ येणार, १२ नाही. बघा आणि सांगा.

---

सिंहगडरोडची_सचिव

अगं बाई! ११ च आले. आणि काकांच्या बाजूचं ते `SUMPRODUCT` वालंही ११. मग बारावा कुठे गेला?

---

अळूचं_फदफदं

बाराव्याने मत बदललं असेल. बिल्डरचा माणूस भेटून गेला असणार.

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

चौकटची_राणी

मागे स्पेस आहे. पैज लावते. कोणीतरी फोनवरून भरलं असेल, फोनचा कीबोर्ड पुष्कळदा चिन्हापुढे आपणहून स्पेस टाकतो.

"~?" म्हणजे सेलमध्ये फक्त प्रश्नचिन्ह, आगेमागे काही नाही. एक स्पेस आली तरी तो सेल गळतो. म्हणून अशा वेळी दोन मोजण्या शेजारी शेजारी लावायच्या. एक कडक आणि एक सैल:

```
=COUNTIF(C2:C85,"~?")
=COUNTIF(C2:C85,"*~?*")
```

दुसरीत बाहेरचे दोन्ही * जोकर आहेत आणि मधलं ~? खरं प्रश्नचिन्ह. म्हणजे "कुठेही प्रश्नचिन्ह असलेला सेल". तुमच्याकडे दुसरीला १४ यायला हवेत. त्यातले ११ शुद्ध, २ ते "?*" वाले, आणि उरलेला एक तो चुकार. तो कुठे लपलाय ते बघायला शेजारच्या कॉलममध्ये `=LEN(C2)` लिहून खाली ओढा. ज्या ओळीत दिसतं एकच प्रश्नचिन्ह आणि LEN म्हणतो २, तो तुमचा बारावा.

---

सिंहगडरोडची_सचिव

सापडला! सी-६०२. त्यांच्या मुलाने फोनवरून शेअर केलेल्या शीटमध्ये भरलं होतं. स्पेस काढली, "~?" ला १२ आले आणि माझ्या पेन्सिलीची अब्रू वाचली.

आता तारावाले किती ते काढते. "~*" लिहिलं तर शून्य आले. का?

---

चौकटची_राणी

कारण "~*" म्हणजे सेलमध्ये फक्त एक तारा. तुमच्याकडे नुसता तारा कुठेच नाही, तो कुणाच्या तरी मागे उभा आहे. "काहीही, आणि शेवटी खरा तारा" असं सांगायचं:

```
=COUNTIF(C2:C85,"*~*")
```

डावीकडचा तारा जोकर, उजवीकडचा खरा. ७, ४ आणि २ मिळून १३ यायला हवेत.

आणि तुमच्या यादीत एक गंमत आहे, ती सभेआधी बघून ठेवा. या तीन फॉर्म्युल्यांना तीन वेगळी उत्तरं येतात:

```
=COUNTIF(C2:C85,"Y")
=COUNTIF(C2:C85,"Y~*")
=COUNTIF(C2:C85,"Y*")
```

पहिल्याला ४१, दुसऱ्याला ७. तिसऱ्यात तारा जोकर असल्यामुळे "Y ने सुरू होणारे सगळे", म्हणजे ४८. जो माणूस फक्त फोनवाले मोजायला "Y*" लिहील, त्याला ४८ दिसतील आणि तो बिनदिक्कत सांगेल की ४८ होकार फोनवर आले.

---

सिंहगडरोडची_सचिव

हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, कारण नेमकं हेच आमच्या खजिनदारांनी केलं होतं. त्यांनी ४१ मध्ये ४८ मिळवले आणि ८९ होकार काढले. ८४ फ्लॅटमध्ये.

आमच्याकडे ५१ टक्के धरून चाललेत. ८४ चे ५१ टक्के म्हणजे ४३ फ्लॅट. सही असलेले ४१, दोन कमी. फोनवाले धरले तर ४८, पाच जास्त. म्हणजे सगळं त्या ताऱ्यावर अडलंय.

---

अळूचं_फदफदं

८४ फ्लॅटमध्ये ८९ होकार. पुनर्विकास झाल्यावर वाढीव पाच फ्लॅट मिळणार हे खजिनदारांनी आधीच धरलं असेल.

---

खोकेवाला

धागा वाचून घाम फुटला. माझा भोसरीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. आमची सगळी मापं इंचात आणि मध्ये तारा: 12*8, 12*10*8, 6*6*6 अशी. दोन आकडे म्हणजे ट्रे, तीन आकडे म्हणजे खोका. भावाच्या यादीत ए कॉलममध्ये माप, बीमध्ये दर. बिल करताना E2 मध्ये माप टाकतो आणि VLOOKUP दर आणतं.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने बिल परत पाठवलं. ट्रे 12*8 चा दर ९ रुपये, बिलात २२ लागला. मी पोराला झापलं की तू दर चुकीचा टाकलास. आता वाटतंय पोराची चूक नव्हती? VLOOKUP मध्येपण हे जोकर असतात का?

---

चौकटची_राणी

असतात. शेवटी 0 किंवा `FALSE` लावून, तंतोतंत हवं असं सांगितलेल्या VLOOKUP मध्येच असतात. नावात तंतोतंत असलं तरी शोधायचा मजकूर असेल तर * आणि ? जोकर म्हणूनच वागतात. MATCH मध्येही तेच, SUMIF मध्येही तेच.

तुमचं 12*8 त्याला कसं दिसतं बघा: "12 ने सुरू, 8 वर शेवट, मध्ये काहीही". या वर्णनात 12*10*8 बसतं. 12*18 पण बसतं, कारण त्याचाही शेवट 8 वरच. VLOOKUP वरून खाली येताना जे पहिलं जुळेल ते उचलतं. तुमच्या यादीत 12*10*8 हे 12*8 च्या वर असेल आणि त्याचा दर २२ असेल, तर पोराची माफी मागा.

6*6*6 तर त्याहून वाईट. 6*16*6 पण त्यात बसतं, 6*6*16 पण.

तुम्ही माप सेलमधून घेता, त्यामुळे टिल्ड हाताने लावता येणार नाही. तो फॉर्म्युल्यातच घालायचा:

```
=VLOOKUP(SUBSTITUTE(E2,"*","~*"),$A$2:$B$140,2,0)
```

E2 मध्ये जेवढे तारे असतील त्या प्रत्येकाच्या आधी SUBSTITUTE टिल्ड लावतं. मूळ E2 ला धक्का लागत नाही. हाच तुकडा COUNTIF मध्येही तसाच चालतो.

---

खोकेवाला

यादीत बघितलं. 12*10*8 सातव्या ओळीत, 12*8 एकविसाव्या. दर २२ आणि ९. पोराला मिसळ खायला घालतो.

---

पेन्शनर_कर्वेनगर

माझं आधीचं विधान मागे घेतो. घरी करून पाहिलं, "=?" खरंच जोकरच राहतं. इतकी वर्षं मी `IF(C2="?",1,0)` लिहून खाली बेरीज करत होतो, त्यामुळे कधी गाठ पडली नाही.

मात्र एक शंका. नकारात्मक अट कशी लिहायची? प्रश्नचिन्ह सोडून बाकीचे सगळे?

---

चौकटची_राणी

काका, "<>~?" लिहायचं. पण त्यात रिकामे सेलही मोजले जातात. ताईंच्या यादीत १२ सोडून ७२ येतील, आणि त्या ७२ मध्ये संपर्क न झालेले दोघेही असतील. ते नको असतील तर रिकामे नसलेले अशी दुसरी अट COUNTIFS मध्ये जोडा:

```
=COUNTIFS(C2:C85,"<>~?",C2:C85,"?*")
```

"?*" म्हणजे निदान एक अक्षर असलेले. ७० येतील. इथे ? आणि * दोन्ही जोकर म्हणून मुद्दाम वापरले आहेत, टिल्ड नको.

---

पेन्शनर_कर्वेनगर

"?*" कशाला, नुसतं "*" पुरेल की.

---

चौकटची_राणी

ताईंच्या यादीत पुरेल, कारण उत्तरं हाताने टाइप केली आहेत. पण उत्तरं दुसऱ्या शीटवरून IFERROR वगैरे लावून आणली आणि न सापडल्यास "" दाखवलं, तर तो सेल दिसायला रिकामा असतो, पण त्यात शून्य लांबीचा मजकूर असतो. "*" ला शून्य अक्षरंही चालतात, म्हणून तो मोजला जातो. "?*" ला निदान एक लागतं, म्हणून तो गळतो. सवय असावी म्हणून मी कायम "?*" च लिहिते.

---

पेंग्विन

एक्सेलवर एवढी चर्चा चालली आहे म्हणून आमचीही कैफियत. मी लिबरऑफिस वापरतो. आमच्या मंडळाची वर्गणीची जुनी फाइल आहे, तिच्यात "~?" टाकलं तर भलताच आकडा येतो. त्याच मशीनवर नवीन फाइल केली तर बरोबर येतो. मग `Tools > Options > LibreOffice Calc > Calculate` मध्ये गेलो. जुन्या फाइलमध्ये तिथे `Enable regular expressions in formulas` निवडलेलं होतं. ते असलं की टिल्डला काही मान नाही, तिथे उलटी तिरपी रेघ लागते, म्हणजे "\?". `Enable wildcards in formulas` निवडलं आणि टिल्ड कामाला लागला. ही निवड फाइलबरोबर जाते, म्हणून माझ्या मशीनवर दोन फाइली दोन तऱ्हांनी वागत होत्या.

---

सिंहगडरोडची_सचिव

आमचे अर्धे लोक फोनवर गुगल शीट्समध्ये उघडतात. तिथे?

---

चौकटची_राणी

गुगल शीट्सच्या COUNTIF मध्ये टिल्ड असाच चालतो. काही बदलायला नको.

---

मुंढवा_एक्सप्रेस

माझा पहिला प्रतिसाद भलतीकडे गेला होता, मान्य. पण या धाग्यावरून माझं काम झालं. माझ्याकडे पत्त्यांची १८०० ओळींची यादी आहे, तिच्यात किती पत्त्यांची मराठी अक्षरं ???? झाली ते कधीच कळत नव्हतं. COUNTIF मध्ये "??" टाकायचो, काहीही यायचं. आता "*~?~?*" टाकलं, म्हणजे कुठेही दोन प्रश्नचिन्हं लागोपाठ. २१२ आले. निदान रोग किती पसरलाय ते कळलं.

अजून एक. दुसऱ्या एका यादीत आमची उत्तरं "हो" आणि "नाही" अशी मराठीत आहेत, न ठरलेल्यांना ?. तिथे मी टिल्ड न लावता "?" टाकत होतो आणि उत्तर कायम बरोबर यायचं. ते कसं?

---

चौकटची_राणी

नशीब. आपण "हो" ला एक अक्षर म्हणतो, पण `=LEN("हो")` विचारा, उत्तर २ येतं. ह एक आणि त्याची मात्रा एक. "नाही" ला ४. त्यामुळे एक अक्षरवाल्या जोकरात ते बसले नसावेत आणि फक्त प्रश्नचिन्हं उरली. उद्या कुणी "न" असं एकच अक्षर टाकलं की तुमचा आकडा फुगेल. टिल्ड लावून टाका.

---

सिंहगडरोडची_सचिव

घात झाला. म्हणजे होता होता वाचला.

सभेत पडद्यावर दाखवायला तारे नसलेली प्रत हवी होती. मी सी कॉलम निवडला, `Ctrl+H` केलं, `Find what` मध्ये * आणि `Replace with` रिकामं, आणि `Replace All`. ८२ ठिकाणी बदल केले म्हणाला आणि अख्खा कॉलम पांढरा झाला! ८४ घरांची मतं गेली! हात थरथरत होते.

---

अळूचं_फदफदं

सर्वानुमते. कुणाचाच विरोध नाही.

---

चौकटची_राणी

`Ctrl+Z` लगेच. केलं असेलच म्हणा.

शोधायच्या खिडकीतही तेच जोकर असतात. `Find what` मध्ये नुसता * म्हणजे "सेलमधलं सगळं". तिथे `~*` लिहायचं. `Replace with` मध्ये मात्र टिल्ड लावायचा नाही, तिथे जे लिहाल ते जसंच्या तसं उमटतं.

---

सिंहगडरोडची_सचिव

`Ctrl+Z` ने परत आलं. आता `~*` ने केलं, १३ ठिकाणी बदल झाले. पण प्रतीवर केलं, मूळ फाइल आता दोन ठिकाणी ठेवली आहे आणि एक यजमानांच्या पेन ड्राइव्हवर.

---

खोकेवाला

परत आलो. @चौकटची_राणी तुमचा फॉर्म्युला लावला आणि बऱ्याच मापांना आता `#N/A` येतंय. आधी दर तरी यायचा, चुकीचा का होईना. आता दरच येत नाही. पोरगा म्हणतो जुनंच बरं होतं.

---

चौकटची_राणी

`#N/A` येणाऱ्या मापांतलं एक इथे लिहा. आणि त्याच मापाची दराच्या यादीतली नोंद कॉपी करून शेजारी टाका. टाइप करू नका, कॉपीच करा.

---

खोकेवाला

बिलात: 10*10*10
यादीत: 10x10x10

अरे देवा.

---

चौकटची_राणी

हेच वाटलं होतं. भाऊ तारा लिहितो आणि कुणीतरी एक्स लिहितं. आधी तुमचा तारा जोकर होता, त्यामुळे 10x10x10 ही त्यात बसायचं आणि सगळं सुरळीत आहे असं वाटायचं. टिल्ड लावल्यावर तारा फक्त ताऱ्यालाच जुळतो.

दराच्या यादीचा ए कॉलम निवडा, `Ctrl+H`, `Find what` मध्ये x, `Replace with` मध्ये नुसता *. इथे टिल्ड नको, नाहीतर मापं 10~*10~*10 अशी होतील. गणितातलं गुणिलेचं × चिन्हही कुठे आहे का बघा, ते x पेक्षा वेगळं असतं आणि बदलताना सुटतं. ए कॉलममध्ये मापांखेरीज मजकूर असेल, समजा box वगैरे, तर त्यातलाही x जाईल, तेवढं सांभाळा.

---

खोकेवाला

६३ बदलले. × वाले चार निघाले, ते हाताने केले. `#N/A` आता एकच येतंय, 9~*9. तो पोराने काल रात्री "सुधारताना" केला म्हणे.

---

पेन्शनर_कर्वेनगर

एक विचारतो. त्यांच्या मालाच्या नावात मुळातच टिल्ड असला तर? आमच्याकडे एका ठेकेदाराच्या बिलांवर "~४०० मी." असं अंदाजे लांबी म्हणून लिहिलेलं असायचं.

---

चौकटची_राणी

चांगला प्रश्न, काका. टिल्डला टिल्डच लावायचा, "~~". आणि सेलमधून घेताना तिन्हींची शक्यता असेल तर असं:

```
=COUNTIF(A2:A140,SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(E2,"~","~~"),"*","~*"),"?","~?"))
```

यात सगळ्यात आतला, म्हणजे आधी चालणारा, टिल्डवाला पाहिजे. तो शेवटी ठेवलात तर आधी लावलेले टिल्डसुद्धा दुप्पट होतात. ~* चं ~~* होतं, त्याचा अर्थ "खरा टिल्ड आणि पुढे काहीही". जुळणारं काही सापडत नाही आणि शून्य येतं, आणि माणूस बिचारा ताऱ्यात चूक शोधत बसतो. मी स्वतः एकदा अर्धी दुपार घालवली आहे.

---

पेंग्विन

एवढं तीन मजली लिहिण्यापेक्षा XLOOKUP घ्या ना. एक्सेल २०२१ आणि ३६५ मध्ये आहे, आणि त्यात आपण सांगितल्याशिवाय जोकर चालू होत नाहीत. मी ऑफिसात तेच वापरतो.

```
=XLOOKUP(E2,$A$2:$A$140,$B$2:$B$140)
```

---

खोकेवाला

माझ्याकडे २०१० आहे. संगणक २०११ चा आहे. दोघं एकमेकांना सांभाळून आहेत.

---

पेंग्विन

मग तीन मजलीच.

आणि खरं सांगू का, मापाच्या मध्ये तारा आणि मताला प्रश्नचिन्ह ठेवायचंच कशाला? ताईंनी ? ऐवजी U लिहिलं असतं आणि सहीसाठी वेगळा कॉलम केला असता, तर हा धागाच झाला नसता.

---

चौकटची_राणी

सहीचा वेगळा कॉलम, हे मान्य. एका सेलमध्ये दोन गोष्टी कोंबल्या की हे होणारच. पण प्रश्नचिन्हाबद्दल नाही. कागदावर यादी छापून कुणाच्याही हातात दिली तरी ? चा अर्थ सांगावा लागत नाही, U चा सांगावा लागतो. एका टिल्डसाठी मी ते सोडणार नाही.

---

पेंग्विन

८९ होकार निघाल्यावरसुद्धा?

---

चौकटची_राणी

ते ताऱ्यामुळे निघाले. :)

---

सिंहगडरोडची_सचिव

सभेची बातमी. दरम्यान सात फोनवाल्यांपैकी एकाची सही आली, म्हणजे Y ४२, Y* ६. पडद्यावर मी दोन आकडे वेगळे दाखवले, ४२ आणि ४८, आणि दोन्हींचे फॉर्म्युले खाली लिहिले. ४३ ला एक कमी!

मग फोनवरचा होकार धरायचा की नाही यावर पाऊण तास वाद. एक गृहस्थ म्हणाले, तारा म्हणजे हो. दुसरे म्हणाले, तारा म्हणजे काहीच नाही. खजिनदार उठून म्हणाले, "तारा म्हणजे काहीही, मला परवाच कळलं."

ठरलं काहीच नाही. परदेशातल्या तिघांच्या सह्या कुरियरने यायच्या आहेत. आणि सी-६०२ च्या काकांनी जाता जाता सांगितलं की त्यांचं प्रश्नचिन्ह काढून Y करा, पण सही पुढच्या आठवड्यात. म्हणजे परत Y*.